तेरा, चौदा, पंधरा : एका त्रिकोणाचे क्षेत्रफळ आणि त्याचा पडताळा

आजचा धागा एका त्रिकोणाविषयी आहे. त्याच्या बाजू १३, १४ आणि १५. अलेक्झांड्रियाच्या हेरॉनच्या ग्रंथात तो आहे आणि भास्कराचार्यांच्या लीलावतीतही आहे. कागद-पेन्सिल जवळ ठेवावी ही विनंती, कारण यातील हिशेब वाचण्यापेक्षा करून पाहण्यात अधिक गंमत आहे.

सुरुवात शेतापासून करू. मुंबई इलाख्याच्या जमीनमोजणीत तेहतीस फुटांची साखळी चालत असे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद चौरस म्हणजे एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एक एकर. हे परिमाण आजही आपल्या बोलण्यात आहे. आता एक तीनकोनी शेत कल्पा. त्याचे बांध अनुक्रमे १३, १४ आणि १५ साखळ्या भरतात. शेताच्या मधून चालण्याची सोय नाही, कारण पीक उभे आहे. मोजता आले ते केवळ बांध. शेत किती गुंठ्यांचे?

हा प्रश्न फार जुना आहे आणि त्याला दिले गेलेले एक जुने उत्तर चुकीचे आहे. इजिप्तमधील एडफू येथील होरसच्या मंदिराच्या भिंतीवर देवस्थानाला दिलेल्या जमिनींची नोंद कोरलेली आहे. हा काळ टॉलेमी राजांचा, इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या शतकांतला. तेथे चारकोनी शेताचे क्षेत्रफळ काढण्याची रीत अशी की समोरासमोरच्या बाजूंची सरासरी घ्यावी आणि त्या दोन सरासरींचा गुणाकार करावा. शेत तीनकोनी असेल तर चौथ्या बाजूच्या जागी ‘काही नाही’ असे धरून तीच रीत लावलेली दिसते. आपल्या शेताला ती लावून पाहा. १३ आणि १५ यांची सरासरी १४. १४ आणि ‘काही नाही’ यांची सरासरी ७. गुणाकार ९८ गुंठे, म्हणजे २ एकर १८ गुंठे.

खरे क्षेत्रफळ आहे ८४ गुंठे, म्हणजे २ एकर ४ गुंठे. ते कसे, हे पुढे येईलच. पण फरक किती पडला ते आधी पाहा. चौदा गुंठे जमीन कागदावर उगवली, जी भूमीवर कोठेही नाही. साऱ्याची आकारणी क्षेत्रावर होत असेल तर त्या चौदा गुंठ्यांचा सारा शेतकऱ्याने भरावयाचा. ही रीत कधी शेताला लहान दाखवत नाही, ती चुकते ती नेहमी वरच्या बाजूलाच. आकारणी करणाऱ्याला ती सोयीची वाटली असेल तर नवल नाही.

आता भारतात येऊ. भिल्लमाल, म्हणजे आजच्या राजस्थानातील भिनमाळ, हे ज्याच्या नावाशी जोडले जाते तो ब्रह्मगुप्त. इ.स. ६२८ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, त्याने ब्राह्मस्फुटसिद्धान्त लिहिला. त्याच्या बाराव्या अध्यायात एकाच श्लोकाच्या दोन अर्धांत दोन रीती आहेत. पहिल्या अर्धात हीच सरासरीची रीत आहे आणि ब्रह्मगुप्ताने तिला स्पष्ट ‘स्थूल’ म्हटले आहे. दुसऱ्या अर्धात ‘सूक्ष्म’ रीत आहे. सर्व बाजूंच्या बेरजेचे अर्ध घ्यावे, ते चार ठिकाणी मांडावे, प्रत्येक ठिकाणी एकेक बाजू वजा करावी, चारही उरलेल्या संख्यांचा गुणाकार करावा आणि त्याचे वर्गमूळ घ्यावे. त्रिकोणाला चौथी बाजू नाही, म्हणून चौथ्या ठिकाणी काहीच वजा होत नाही. एकाच श्लोकात चुकीची पण सोपी आणि बरोबर पण कष्टाची अशा दोन्ही रीती शेजारी ठेवून त्यांना त्यांची नावे देणे, हा प्रामाणिकपणा मला फार आवडतो.

सूक्ष्म रीत आपल्या शेताला लावू. १३, १४ आणि १५ यांची बेरीज ४२, तिचे अर्ध २१. शाळेत यालाच अर्धपरिमिती म्हणतात. २१ मधून १३ गेले, उरले ८. १४ गेले, उरले ७. १५ गेले, उरले ६. चौथ्या ठिकाणी २१ तसेच.

२१ × ८ × ७ × ६ = ७०५६

आणि ७०५६ चे वर्गमूळ ८४.

पाठ्यपुस्तकात हे सूत्र हेरॉनच्या नावाने येते. हेरॉन हा अलेक्झांड्रियाचा, सामान्यतः इसवी सनाच्या पहिल्या शतकातला मानला जातो. त्याच्या मेट्रिका या ग्रंथाच्या पहिल्या भागात हे सूत्र सिद्धतेसह आहे. हा ग्रंथ शतकानुशतके हरवलेलाच समजला जात होता. १८९६ मध्ये इस्तंबूलमध्ये त्याचे हस्तलिखित रिचर्ड शोने याला सापडले. अल् बिरूनी मात्र हे सूत्र आर्किमिडीजचे असल्याचे सांगतो. म्हणजे ‘हेरॉनचे सूत्र’ या नावाबद्दल हेरॉनच्या बाजूनेही पूर्ण खात्री देता येत नाही.

येथे थोडे थांबतो, कारण या सूत्रावरून समाजमाध्यमांवर अधूनमधून लढाया पेटतात. ‘आपले सूत्र त्यांनी चोरले’ असे एक पक्ष म्हणतो, ‘त्यांचेच आपल्याकडे आले’ असे दुसरा. १३, १४, १५ हा त्रिकोण दोन्हीकडे आढळतो, एवढ्यावरून काहींना त्याचा प्रवास सिद्ध झाल्यासारखा वाटतो. मला ते पटत नाही. ५, १२, १३ आणि ९, १२, १५ हे दोन काटकोन त्रिकोण दोन्ही संस्कृतींना ठाऊक होते. दोघांत १२ ही बाजू समान आहे. त्या बाजूवर दोन्ही एकमेकांना चिकटवा, म्हणजे पाया ५ आणि ९ मिळून १४ होतो आणि हाच त्रिकोण तयार होतो. बाजू लागोपाठच्या, उत्तर पूर्ण संख्येत. शिष्याला शिकवण्यासाठी याहून सोयीचे उदाहरण शोधून सापडणार नाही. ते दोन शिक्षकांना स्वतंत्रपणे सुचले असेल तर त्यात आश्चर्य ते काय?

खरा प्रश्न वेगळाच आहे. ८४ हे उत्तर बरोबर आहे हे कळावे कसे? सूत्र पाहून काहीच उमगत नाही. चार संख्यांचा गुणाकार केला तर लांबीचा चतुर्घात होतो, ज्याला भूमीवर काही अर्थ नाही. मग वर्गमूळ घेतल्यावर अचानक क्षेत्रफळ हाती येते. वाटेतली एकही पायरी डोळ्यांना दिसत नाही. अशा रीतीत आकडा चुकला तरी चूक लपून राहते. म्हणून दुसरी वाट हवी, जिची प्रत्येक पायरी शेतात बोट ठेवून दाखवता येईल.

ही दुसरी वाट ब्रह्मगुप्ताने लगेच पुढच्या श्लोकात दिली आहे आणि इ.स. ११५० च्या लीलावतीत भास्कराचार्यांनी ती आपल्याच त्रिकोणावर चालवून दाखवली आहे. भास्कराचार्य स्वतःला सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेल्या विज्जडविड गावचे म्हणवतात. खानदेशात चाळीसगावाजवळ पाटण येथे इ.स. १२०७ चा, म्हणजे शके ११२८ चा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापला आणि स्थानिक निकुंभ राजांनी त्याला दान दिले, असे त्यात कोरले आहे. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे, पण दानाचे तपशील सांगणारा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. तेव्हा खाली जो हिशेब आहे तो पाटणच्या त्या मठात घोकला गेला असणार, असे मानायला पुरेसा आधार आहे.

रीत अशी. १४ ही बाजू ‘भूमी’, म्हणजे पाया धरा. वरच्या कोनातून भूमीवर लंब सोडा. लंब जेथे टेकतो तेथे भूमीचे दोन तुकडे होतात. त्या तुकड्यांना ‘आबाधा’ म्हणतात. आबाधा कळल्या की लंब कळतो आणि लंब कळला की क्षेत्रफळ म्हणजे भूमी आणि लंब यांच्या गुणाकाराचे अर्ध.

आबाधा काढायच्या कशा? लंबाच्या दोन्ही बाजूंना एकेक काटकोन त्रिकोण आहे आणि लंब दोघांना सामायिक आहे. म्हणून १५ चा वर्ग आणि १३ चा वर्ग यांच्यातील फरक हा दोन आबाधांच्या वर्गांतील फरकाइतकाच असला पाहिजे. वर्गांतील फरक म्हणजे बेरीज गुणिले वजाबाकी. भुजांची बेरीज २८, वजाबाकी २, गुणाकार ५६. आबाधांची बेरीज तर ठाऊकच आहे, ती म्हणजे भूमी, १४. मग त्यांची वजाबाकी ५६ भागिले १४, म्हणजे ४. ज्या दोन संख्यांची बेरीज १४ आणि वजाबाकी ४, त्या संख्या ९ आणि ५.

आता लंब. १३ च्या वर्गातून ५ चा वर्ग वजा केला, १६९ उणे २५, उरले १४४, त्याचे मूळ १२. दुसऱ्या बाजूने पाहावे, २२५ उणे ८१, पुन्हा १४४. येथेच एक पडताळा हातोहात झाला, कारण आबाधा चुकल्या असत्या तर दोन्ही बाजूंनी वेगवेगळा लंब आला असता. शेवटी १४ गुणिले १२ भागिले २, उत्तर ८४.

दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोहोचल्या. पण हा योगायोग नाही हे दाखवल्याशिवाय इतिहासाच्या अभ्यासकाने समाधान मानू नये, म्हणून एक पायरी आणखी खोल जाऊ. बीजगणिताची अक्षरे लागणार नाहीत, हेच आकडे पुरेत. फक्त ते लगेच सोडवायचे नाहीत, उघडे ठेवायचे.

लंबाचा वर्ग म्हणजे १३ चा वर्ग उणे ५ चा वर्ग, म्हणजेच (१३ + ५) गुणिले (१३ − ५), १८ गुणिले ८. आता ५ ही आबाधा कोठून आली ते उलगडा. वरच्या हिशेबाला एका ओळीत बसवले तर ५ म्हणजे १३ चा वर्ग अधिक १४ चा वर्ग उणे १५ चा वर्ग, भागिले २८. हे १८ मध्ये घातले की १८ चे रूप असे होते : २७ चा वर्ग उणे १५ चा वर्ग, भागिले २८. यातील २७ म्हणजे १३ आणि १४ यांची बेरीज. पुन्हा वर्गांचा फरक, म्हणून ४२ गुणिले १२ भागिले २८. तसेच ८ चे रूप होते १५ चा वर्ग उणे १ चा वर्ग, भागिले २८, म्हणजे १६ गुणिले १४ भागिले २८. तपासून पाहा : ५०४ भागिले २८ म्हणजे १८, आणि २२४ भागिले २८ म्हणजे ८.

आता वर आलेल्या चार संख्यांकडे नीट पाहा : ४२, १२, १६, १४. यांची अर्धी काय? २१, ६, ८, ७. सूक्ष्म रीतीतील त्याच चार संख्या! त्या कोणा ऋषीला स्वप्नात दिसल्या नव्हत्या, लंबाच्या पोटातच दडल्या होत्या. क्षेत्रफळाचा वर्ग म्हणजे भूमीच्या वर्गाचा चौथा हिस्सा गुणिले लंबाचा वर्ग. तो मांडला की खालचे २८ गुणिले २८ भूमीच्या वर्गाशी कटतात, खाली केवळ १६ उरतात आणि ते १६ चार संख्यांना दोन-दोनने भागून संपतात. हेरॉनची स्वतःची सिद्धता वेगळी आहे. ती त्रिकोणाच्या आत मावणाऱ्या वर्तुळावरून जाते आणि अतिशय देखणी आहे. पण दोन्ही रीती का जुळतात हे समजण्यासाठी वरची वाट जवळची.

प्रत्येक त्रिकोण इतका आज्ञाधारक नसतो. हेरॉनने सूत्र मांडताना पहिले उदाहरण घेतले ते ७, ८, ९ बाजूंचे. अर्ध १२, उरलेल्या संख्या ५, ४, ३, गुणाकार ७२०. याचे मूळ पूर्ण संख्येत येत नाही. हेरॉन म्हणतो, ७२० च्या जवळचा पूर्ण वर्ग ७२९, त्याचे मूळ २७. ७२० ला २७ ने भागा, येतील २६ पूर्णांक दोन तृतीयांश. २७ आणि ही संख्या यांची सरासरी घ्या, म्हणजे २६ पूर्णांक पाच षष्ठांश. याचा वर्ग ७२० पेक्षा केवळ एक छत्तिसांश जास्त आहे. लंबाच्या वाटेने गेलात तर ८ च्या भूमीवर आबाधा २ आणि ६, लंबाचा वर्ग ४५, आणि क्षेत्रफळ ४५ च्या मुळाची चौपट. चार आत नेले तर १६ गुणिले ४५, पुन्हा ७२०. वर्गमूळ घेण्याआधीच पडताळा पूर्ण झाला, ही यातली शिकण्यासारखी युक्ती. मूळ काढताना दोन्हीकडे थोडेथोडे टाकले जाते आणि मग फरक चुकीमुळे आहे की टाकलेल्या शेपटीमुळे, हे कळत नाही. म्हणून वर्गांची तुलना करावी.

भास्कराचार्यांनी आणखी एक उदाहरण असे दिले आहे की ज्यात घाईने काम करणारा हमखास अडखळावा. भुज १० आणि १७, भूमी ९. भुजांची बेरीज २७, वजाबाकी ७, गुणाकार १८९, भूमीने भागल्यावर २१. आबाधांमधला फरक २१, आणि भूमी मात्र अवघी ९! ९ मधून २१ वजा करून अर्ध केले तर उत्तर ऋण ६. येथे अनेकांना वाटेल की आकडे चुकले. भास्कराचार्य म्हणतात की ही आबाधा ऋणगत आहे, म्हणजे उलट दिशेची. लंब भूमीवर पडतच नाही, तो भूमीच्या पलीकडे, तिच्याच रेषेत सहा अंतर बाहेर पडतो. मग दुसरी आबाधा १५, लंबाचा वर्ग १०० उणे ३६ म्हणजे ६४, लंब ८, क्षेत्रफळ ३६. सूक्ष्म रीतीने अर्ध १८, उरलेल्या संख्या ८, १, ९. गुणाकार १२९६, मूळ ३६. बाराव्या शतकात ऋण संख्येला भूमितीतील दिशेचा अर्थ देऊन हिशेब तसाच पुढे नेणे, हे त्या काळच्या गणिताची जी चित्रे आपण मनाशी रंगवतो त्यांत सहसा नसते.

या उदाहरणात सूक्ष्म रीतीला काहीच जाणवले नाही, हेही पाहा. तिने लंब आत आहे की बाहेर याची चौकशीच केली नाही. सूत्र वापरणाऱ्याला यात सोय आहे आणि पडताळा करणाऱ्याला सावधगिरीची सूचना. आकृती काढताना लंब आत काढला आणि आबाधा १५ व ६ यांची बेरीज २१ हीच भूमी समजून चाललात, तर क्षेत्रफळ ८४ येईल. दोन रीतींत एवढी तफावत दिसली की आधी आकृतीवर संशय घ्यावा.

आणि आकडे त्रिकोण बनवतच नसतील तर? लीलावतीत यासाठी स्वतंत्र नियम आहे. ज्या सरळ बाजूंच्या आकृतीत एक बाजू इतर बाजूंच्या बेरजेइतकी किंवा तिच्याहून मोठी आहे, ती आकृती ‘अक्षेत्र’ समजावी. त्रिकोणासाठी दिलेले उदाहरण ३, ६, ९ चे आहे. पटत नसेल तर काय करावे? त्या लांबीच्या सरळ काड्या घेऊन बाजूंच्या जागी ठेवून दाखवाव्यात, असे तेथे सुचवले आहे. वर्गात काड्या घेऊन बसणारा गुरू डोळ्यांपुढे आणा. सूत्राला ३, ६, ९ दिलेत तर अर्ध ९, त्यातून ९ गेले, उरले शून्य, क्षेत्रफळ शून्य. ३, ६, १० दिलेत तर एक संख्या ऋण होते आणि गुणाकाराचे मूळच निघत नाही. लंबाच्या वाटेने हीच गोष्ट वेगळ्या तऱ्हेने कळते. लहान भुज ३, पण त्याच्या पायाशी आबाधा ३.६५ येते. कर्णापेक्षा बाजू मोठी, म्हणजे आकृती अशक्य.

येथवर आपण पडताळ्याची स्तुती केली. आता त्याची मर्यादा. दोन्ही रीती त्याच तीन आकड्यांवर चालतात. साखळी धरणाऱ्याने १५ च्या जागी १४.९ वाचले, तर दोन्ही रीती एकमताने तेच चुकीचे उत्तर देतील. त्यांचे जुळणे हे आकडेमोड बरोबर असल्याचे प्रमाण आहे, मोजणी बरोबर असल्याचे नव्हे.

मोजणीची ही चूक किती महाग पडते, हे त्रिकोणाच्या आकारावर ठरते. आपल्या शेतात १५ ऐवजी १४.९ धरले तर क्षेत्रफळ ८४ वरून सुमारे ८३.७ होते. फरक साधारण एक तृतीयांश गुंठ्याचा. आता ३, ६, ९ चे ते अक्षेत्र घ्या, ज्यात एका गुंठ्याचीही जागा नाही. त्यात ९ ऐवजी ८.९ वाचले तर सूत्र सुमारे २.८ गुंठे दाखवते. चूक तेवढीच, दोन्हीकडे साखळीचा दहावा हिस्सा, सव्वातीन फुटांच्या आसपास. पण येथे जमीन शून्यातून निर्माण झाली. चपटे, सुईसारखे त्रिकोण मोजणीच्या कामात टाळतात ते यामुळे.

मग मोजणीची चूक पकडायची कशी? एक नवे माप घेऊन, जे पहिल्या तीन मापांत नव्हते. लंबाची रीत येथे पुन्हा कामी येते, कारण ती केवळ लंबाची लांबी सांगत नाही, तो कोठे आहे हेही सांगते. पीक निघाल्यावर १४ च्या बांधावर उभे राहा, १३ च्या बांधाशी मिळणाऱ्या कोपऱ्यापासून पाच साखळ्या चाला आणि तेथून समोरच्या कोपऱ्यापर्यंत साखळी धरा. बारा भरल्या तर तिन्ही मापे एकमेकांशी सुसंगत आहेत. साडेअकरा भरल्या तर एखादा बांध चुकीचा मोजला गेला आहे, मग दोन्ही सूत्रे कितीही एकसुरात ८४ म्हणोत.

आता उरला ब्रह्मगुप्ताचा तो श्लोक, ज्यात त्रिकोण आणि चौकोन एकाच सूत्रात बसवले होते. भास्कराचार्यांचा आक्षेप इथेच आहे. त्रिकोणात हे फळ स्पष्ट आहे, चौकोनात अस्फुट, असे ते नियमाच्या श्लोकातच सांगून टाकतात. कारण साधे आहे. तीन काड्या टोकाला टोक जोडून बांधल्या की त्या हलत नाहीत. तीन बाजू ठरल्या की आकृती ठरली. चार काड्यांची चौकट मात्र दाबली की वाकते. चारही बाजू २५ असलेला चौकोन घ्या. तो चौरस असेल तर क्षेत्रफळ ६२५, कर्ण ३० आणि ४० असतील तर ६००, कर्ण १४ आणि ४८ असतील तर ३३६. ही सर्व रूपे लीलावतीत आहेत. म्हणून कर्ण किंवा लंब न सांगता चौकोनाचे क्षेत्रफळ विचारणाऱ्याला भास्कराचार्य पिशाच म्हणतात आणि उत्तर देणाऱ्याला त्याहून मोठे. एरवी लीलावतीचा स्वर इतका मृदू असताना हा कडकपणा लक्षात राहतो. ब्रह्मगुप्ताचे सूत्र ज्या चौकोनाचे चारही कोपरे एका वर्तुळावर असतात त्याला अचूक लागते, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. पण शेतांचे कोपरे वर्तुळ पाहून पडत नाहीत.

आक्षेप सिद्ध करण्यासाठी भास्कराचार्यांनी दिलेले उदाहरण पाहा. भूमी १४, समोरची बाजू ९, उरलेल्या दोन बाजू १३ आणि १२, लंब १२. ब्रह्मगुप्ताच्या सूत्राने अर्ध २४, उरलेल्या संख्या १०, १५, ११, १२. गुणाकार १९८००, त्याचे मूळ १४० आणि १४१ यांच्या मध्ये. खरे क्षेत्रफळ १४ आणि ९ यांच्या बेरजेचे अर्ध गुणिले १२, म्हणजे १३८.

हे आपल्या पद्धतीने पडताळण्यासाठी एक कर्ण ओढा, १३ आणि ९ या बाजू जेथे मिळतात त्या कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्याकडे. १३ च्या बाजूची आबाधा ५, म्हणून भूमीचा उरलेला भाग ९ आणि उंची १२. कर्ण आला १५. चौकोनाचे दोन त्रिकोण झाले. एक ९, १२, १५ चा काटकोन त्रिकोण, क्षेत्रफळ ५४. दुसऱ्याच्या बाजू १३, १४ आणि १५. क्षेत्रफळ ८४. दोन्ही मिळून १३८.